एका पानाचा व्यवसाय आराखडा: कामाच्या नोंदी

4 जानेवारी

मामेभावाचा फोन आला. पाच महिन्यांपूर्वी त्याने नोकरी सोडून जुन्या लाकडी फर्निचरच्या दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. हाताखाली कुणी नाही, सगळं काम एकट्याचं. "ताई, काम भरपूर आहे, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही. येत्या वर्षाचं काहीतरी नीट ठरवायचंय," म्हणाला. त्याने लिहून काढलेला आराखडाही पाठवला. चौदा पानं आहेत. ध्येय, दृष्टिकोन, बाजारपेठ, स्पर्धक, पाच वर्षांनंतरचं चित्र, सगळं आहे. वर्षाचं उद्दिष्ट शेवटच्या पानावर एका ओळीत आहे: "उलाढाल दुप्पट करणे."

ती ओळ दोनदा वाचली. दुप्पट का, तिप्पट का नाही, याचं उत्तर त्या चौदा पानांत कुठेच नाही. शिवाय उलाढाल दुप्पट होण्यासाठी सोमवारी सकाळी त्याने काय करायचं, हेही त्यातून कळत नाही.

असं ठरलं की एकच पान करायचं. त्यावर येणारा प्रत्येक आकडा त्याला स्वतःला मांडता आला पाहिजे आणि दर आठवड्याला मोजता आला पाहिजे. वर्ष 1 फेब्रुवारी ते 31 जानेवारी धरायचं, म्हणजे तयारीला चार आठवडे मिळतात.

6 जानेवारी

आज तीन तास बसलो. सुरुवात विक्रीपासून न करता त्याच्या घरापासून केली. पहिल्यांदा धंदा करणारे बहुतेक जण आधी विक्रीचा आकडा ठरवतात आणि उरेल ते घरी नेतात. मग उरतच नाही. एकट्याच्या धंद्यात मालकाचा घरखर्च ही पहिली देणी, म्हणून तो आकडा सगळ्यात वर.

आकड्यांसाठी एक सोय केली. त्याच्या एका सरासरी कामाचं बिल म्हणजे 100 असं धरलं आणि बाकी सगळं त्याच मापात मोजलं. या नोंदी पुढे दुसऱ्या कुणाला वापरायच्या असतील तर चलन आड येणार नाही.

घरी न्यायला महिन्याला 1,190 लागतात. कराचा हिस्सा यातच धरलाय, कारण तो बाजूला न काढणं ही पहिल्या वर्षाची नेहमीची चूक आहे. मग एकही काम आलं नाही तरी होणारा खर्च: जागेचं भाडं, वीज, फोन, हत्यारांच्या कर्जाचा हप्ता. त्याने 480 सांगितले. मी विचारलं, "वर्षातून एकदाच येतात असे खर्च कुठले?" थोडा वेळ गप्प बसला, मग एकेक आठवायला लागला. विमा, परवान्याचं नूतनीकरण, करवतीची पाती आणि रंध्याला धार, गाडीची दुरुस्ती. वर्षाचे 960 निघाले, म्हणजे महिन्याला 80. तर 560.

हप्त्यातलं मुद्दल हिशेबाच्या नियमाने खर्च नाही, फक्त व्याज खर्च. पण या पानावर पूर्ण हप्ता धरला. पान नफा-तोट्याचं पत्रक नव्हे. दर महिन्याला खिशातून काय जातं ते त्यावर दिसायला हवं.

1,190 आणि 560 मिळून 1,750. वर्षाचे 21,000. पानावरची पहिली ओळ मिळाली.

7 जानेवारी

पुढचा आकडा: 100 च्या बिलातून साहित्याला किती जातात? लाकूड, पॉलिश, सरस, बिजागऱ्या, पॉलिशपेपर, ने-आणीचं इंधन. गेल्या तीन महिन्यांच्या पावत्या जमवल्या, सरासरी 30 आली. म्हणजे एका कामामागे 70 हातात राहतात. 21,000 भागिले 70, तर वर्षाला 300 कामं.

आजारपण, सण, घरची कामं धरून वर्षात 48 आठवडे काम होईल असं मानलं. आठवड्याला सव्वासहा कामं. त्याचा चेहरा उजळला. "जमेल की! एका कामाला पाचेक तास लागतात."

मला त्या "पाचेक"ची खात्री वाटत नाही. कारागीर वेळ सांगतो तेव्हा हत्यार हातात असतानाचाच वेळ सांगतो. गिऱ्हाइकाकडे जाऊन बघणं, रंग ठरवणं, वस्तू आणणं, पोचवणं हे त्याच्या मनात "काम" नसतंच. त्याला एक वही दिली. दोन आठवडे प्रत्येक कामाचा सगळा वेळ लिहायचा, तोही त्याच वेळी. रात्री आठवून लिहिलेलं चालणार नाही.

22 जानेवारी

वही आली. पानांवर सरसाचे डाग आहेत, म्हणजे खरोखर कामावर असतानाच लिहिलेली आहे. पान उघडताच बरं वाटलं.

दोन आठवड्यांत नऊ कामं झाली, कामांवर एकूण साडेसदुसष्ट तास. सरासरी साडेसात तास एका कामाला. त्याच्या अंदाजाच्या दीडपट.

याखेरीज आठवड्याला साधारण 12 तास साहित्य खरेदी, फोन, कोटेशन आणि हिशेबात जातात, ते कुठल्याच कामाच्या नावावर पडत नाहीत. तो आठवड्याला 48 तास काम करतो. तेव्हा कामांसाठी 36 उरतात. 36 भागिले साडेसात, तर आठवड्याला जेमतेम पावणेपाच कामं. लागतात सव्वासहा.

हा हिशेब त्याच्यासमोर मांडला तेव्हा तो बराच वेळ वहीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी कितीही धावलो तरी पुरणार नव्हतंच." खरं आहे. आता तो आठवड्याला साडेचार कामं करतो, 315 हातात राहतात, चार आठवड्यांचे 1,260. हवेत 1,750. यात आळस नाही की गिऱ्हाइकांची कमतरता नाही. ठरवलेल्या दरात ते गणित बसतच नाही. "उलाढाल दुप्पट" हे उद्दिष्ट त्याने मनापासून पाळलं असतं तर तब्येत गेली असती आणि तरीही कमी पडलं असतं.

23 जानेवारी

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा. वहीतल्या नऊ कामांची तीन प्रकारांत विभागणी केली. योगायोगाने प्रत्येक प्रकाराची तीन-तीन कामं होती.

खुर्चीचे सांधे ढिले झालेले असणं, हे पहिलं. बिल 40, साहित्य 6, राहिले 34. वेळ साडेचार तास. वहीत लिहिलंय: जाऊन बघणं 1, आणणं-पोचवणं 2, प्रत्यक्ष दुरुस्ती दीड. दीड तासाच्या कामाला तीन तासांची ये-जा.

दुसरं जेवणाच्या टेबलाचं पॉलिश. बिल 160, साहित्य 64, राहिले 96. जुनं पॉलिश काढायला 3, घासायला 3, चार हात द्यायला मिळून 3, ने-आण 2, रंगाचा नमुना दाखवायला 1. एकूण 12 तास. हे त्याला सगळ्यात मोठं आणि मानाचं काम वाटतं.

तिसरं कपाटाचं, बिजागऱ्या आणि अडकणारे खण. गिऱ्हाइकाच्या घरीच होतं, ने-आण नाही. बिल 100, साहित्य 20, राहिले 80, वेळ 6 तास.

आता तासाला काय राहतं ते काढलं. खुर्ची साडेसात, टेबल 8, कपाट तेरा. आणि लागतात किती? वर्षात 48 आठवडे गुणिले 36, म्हणजे 1,728 तास. 21,000 भागिले 1,728, तर तासाला बारापेक्षा थोडं जास्त.

हा "तासाला बारा" पानावर ठळक लिहायचा. एकट्या माणसाच्या धंद्यात तुटवडा वेळेचा असतो, म्हणून बिल किती मोठं यापेक्षा तासाला काय उरलं हे बघावं लागतं. 160 चं टेबल 100 च्या कपाटापेक्षा मोठं दिसतं, पण टेबल घेतलं की तो प्रत्येक तासाला मागे पडतो. जिथे तुटवडा गिऱ्हाइकांचा आहे, दिवसाचे निम्मे तास रिकामे जातात, तिथे मात्र हे माप लावू नये. तिथे साहित्याचा खर्च निघून वर काही राहत असेल तर काम घेतलेलं बरं.

25 जानेवारी

पर्याय मोजून पाहिले. मदतनीस ठेवला तर पहिले काही महिने शिकवण्यातच जातील आणि महिन्याचा ठरलेला खर्च वाढेल. या वर्षी नको. साहित्यात काटकसर करायला जागा फार नाही, हलकं पॉलिश वापरलं तर काम परत येतं. उरले दर आणि कामांची निवड.

टेबलाचं 160 वरून 200 करायचं. राहतील 136, तासाला अकराच्या थोडं वर. अजून बारा नाही, पण एकदम याहून वाढवायला तो तयार नाही, आणि मला त्याचं म्हणणं पटलं.

खुर्चीचं उत्तर त्यानेच शोधलं. "एक खुर्ची ढिली झाली म्हणजे त्याच संचातल्या बाकीच्याही होणारच. चार एकदम घेतल्या तर?" मोजलं. जाऊन बघणं एकदाच, 1 तास. ने-आण एकदाच, गाडी भरलेली म्हणून 3 तास. दुरुस्ती चारांची 6. एकूण 10 तासांत 160 चं बिल, साहित्य 24, राहिले 136. तासाला साडेतेरा! दर एका पैशानेही न वाढवता. सुटी खुर्ची घ्यायची तर गिऱ्हाइकाने ती स्वतः आणून द्यायची.

कपाटाला हात लावला नाही.

तिन्ही प्रकार सारखे आले तर तीन कामांत 28 तास आणि हातात 352. तासाला साडेबारा. बसलं. सरासरी काम आता 117 देतं, तेव्हा वर्षाला 300 च्या जागी 180 कामं पुरतात. आठवड्याला पावणेचार.

28 जानेवारी

तिमाही उद्दिष्टं लिहिताना मी स्वतःच चूक करत होते, ती इथे नोंदवते. दर वाढवल्यावर सुरुवातीला काही गिऱ्हाइकं जाणार, म्हणून पहिल्या तिमाहीत 30 कामं, आणि मग 45, 50, 55 असं चढत नेऊन 180 ची बेरीज जुळवली. कागदावर छान दिसत होतं. मग तास तपासले. तिमाहीत 12 आठवडे, कामांसाठी 432 तास. एका कामाला सरासरी नऊ तास वीस मिनिटं. जास्तीत जास्त 46 कामं होतात. 50 आणि 55 कुठून येणार?

दुकानदाराला कमी विकलेला माल पुढच्या महिन्यात विकता येतो. हाताने काम करणाऱ्याचा गेलेला तास परत मिळत नाही. वर्षाच्या उद्दिष्टात "पुढे भरून काढू" असं गृहीत धरायचं असेल तर आधी वरची मर्यादा तपासलीच पाहिजे.

म्हणून 30, 45, 45, 45, एकूण 165. हातात 19,360 येतील. 21,000 ला 1,640 कमी पडतात. हा खड्डा लपवायचा नाही असं ठरवलं. त्याने घरी बोलून पहिले तीन महिने 1,190 ऐवजी 640 न्यायचं कबूल केलं, महिन्याला 550 प्रमाणे 1,650 भरून निघतात. घरात दोन महिन्यांची शिल्लक आहे म्हणून हे शक्य आहे. नसती तर दर आणखी वाढवावे लागले असते किंवा काही दिवस दुसरीकडे काम करावं लागलं असतं.

30 जानेवारी

कामं तर ठरली, पण ती येणार कुठून? त्याच्या फोनमधून गेल्या तीन महिन्यांच्या विचारणा मोजल्या. साधारण दोन विचारणांमागे एक काम होतं. दर वाढल्यावर हे प्रमाण घसरेल, पण सध्या तेच धरलं. आठवड्याला पावणेचार कामांसाठी आठ विचारणा. पानावर विचारणांचा आकडा कामांच्या वर लिहिला, कारण तो आधी हलतो. चौकशीपासून काम पूर्ण व्हायला त्याला साधारण तीन आठवडे लागतात. आज विचारणा आटल्या तर तीन आठवड्यांनी हात रिकामे राहणार.

रोख पैशाबद्दल एकच नियम घातला: टेबल आणि संच घेताना निम्मे पैसे आगाऊ. आजवर साहित्य तो स्वतःच्या पैशाने आणत होता आणि पैसे वस्तू पोचल्यावर घेत होता. तीन टेबलं एकदम आली की 192 अडकतात, काम नफ्याचं असूनही.

संध्याकाळी पान हाताने लिहिलं. असं आहे:

वर्षाला लागतात: 21,000 (घर 14,280, ठरलेला खर्च 6,720). पहिल्या तिमाहीत घरी 1,650 कमी.
कोणासाठी काय: घरातल्या जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती. खुर्च्या संचाने, कपाटं घरी येऊन, टेबलांना पॉलिश. नवीन फर्निचर बनवणार नाही.
तासाला राहायला हवेत: 12.
कामं: 30, 45, 45, 45.
दर आठवड्याला लिहायचं: विचारणा (8), पूर्ण कामं, कामावरचे तास, बँकेतली शिल्लक.
कधी थांबून विचार करायचा: सलग दोन आठवडे विचारणा पाचाखाली, किंवा शिल्लक एका महिन्याच्या ठरलेल्या खर्चाखाली.

"नवीन फर्निचर बनवणार नाही" ही ओळ त्याला खटकली. नवीन वस्तू बनवायची त्याला हौस आहे. पण जुन्या वहीत एका नव्या स्टुलाला 19 तास गेलेले आहेत आणि राहिले 90. तासाला पाचसुद्धा नाहीत. ओळ ठेवली. पुढच्या वर्षी परत बघू.

16 फेब्रुवारी

टेबलाच्या नव्या दराची पाच कोटेशनं दिली, तिघांनी होकार दिला. पूर्वी जवळजवळ सगळेच लगेच "हो" म्हणायचे. सगळे लगेच होकार देतात तेव्हा दर कमी असण्याची शक्यता मोठी असते, हे त्याला आता पटलंय. नकार देणाऱ्या दोघांचं त्याला फार लागलं. पाच जुनी टेबलं म्हणजे 60 तासांत 480 आणि तीन नवी म्हणजे 36 तासांत 408, हे लिहून दाखवलं. वाचलेल्या 24 तासांत चार कपाटं होतात, त्यांचे 320.

21 मार्च

त्याने आठवड्याच्या नोंदींचा फोटो पाठवला. विचारणा: 9, 8, 8, 6, 4, 3, 4. चौथ्या आठवड्यापासून घसरण. सलग दोन आठवडे पाचाखाली गेल्यावर थांबायचं ठरलं होतं, तो थांबला नाही, कारण हातात काम भरपूर होतं. विचारल्यावर कळलं की संचांची गर्दी झाली तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना फोन करणं त्याने बंद केलं होतं. आज दुपारीच दहा फोन केले. यापुढे बुधवारी सकाळचा पहिला तास फोनचा, कामात कितीही गर्दी असली तरी.

3 मे

पहिली तिमाही संपली. 30 च्या जागी 27 कामं. मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला दोन आठवडे जवळजवळ रिकामे गेले, म्हणजे विचारणांची घसरण तीन आठवड्यांनी कामांत उतरलीच. पण टेबलं कमी आणि संच, कपाटं जास्त आल्यामुळे एका तासाला 12.9 राहिले. हातात 3,150 आले. आराखड्यात 30 कामांचे 3,520 होते, तेव्हा 370 कमी.

ही तूट पुढच्या तिमाहीत टाकायची का, यावर बराच वेळ बोललो. 45 कामांना 420 तास लागतात, मर्यादा 432. तीन कामं वाढवायला जागाच नाही. तेव्हा वर्षाचं उद्दिष्ट 165 वरून 162 केलं, जुना आकडा पुसला नाही, नुसती रेघ मारून शेजारी तारीख टाकली. 370 ची सोय शिल्लकेतून.

एक बदल वहीतून आला. टेबलांना सरासरी 13 तास लागताहेत, 12 नाहीत. रंगाचा नमुना दाखवायला तो दोनदा जातोय. पुढच्या आठवड्यात तो चार रंगांच्या पट्ट्या एकाच फळीवर करून घेणार आहे. पहिल्या भेटीला जातानाच ती सोबत न्यायची आणि रंग तिथेच ठरवून घ्यायचा.